वायर बॅगेबाहेर नको

गर्दीच्या बसमध्ये उभं राहून, पाठीवरच्या बॅगेतून वायर बाहेर काढून मोबाईल चार्ज करणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. निपाणी ते बेळगाव या रस्त्यावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्यापैकी निम्म्या लोकांना हे मत आवडणार नाही, कारण आपण सगळे नेमकं तेच करतो. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात मोबाईल आणि मोबाईलच्या बुडातून निघालेली पांढरी वायर थेट पाठीमागच्या चेनमध्ये गेलेली. पॉवरबँक आत कुठे आहे, तिच्यावर काय दाबलं गेलंय, ती गरम झालीय का, यातलं काहीही आपल्याला दिसत नाही.

मोबाईल चालू राहायला हवा, याबद्दल मात्र माझं दुमत नाही. संध्याकाळी बेळगावहून निघाल्यावर घरी दोन फोन जातात. एक 'बस मिळाली' म्हणून आणि दुसरा 'संकेश्वर गेलं' म्हणून. दुसरा फोन गेला नाही, तर आमच्या घरात स्वयंपाक थांबतो. तवंदी घाटात गाडी बंद पडली, हायवेच्या कामामुळे वळवली किंवा स्टँडवर वडील घ्यायला यायचे असले, तर सगळं त्या पाच इंची पडद्यावर अवलंबून असतं. साध्या बसमध्ये चार्जिंगचा सॉकेट नसतो. रात्री लाईट गेली तर सकाळी निघताना मोबाईल अर्धाच भरलेला असतो. म्हणजे पॉवरबँक हवीच. प्रश्न एवढाच, की ती केवढी हवी, कधी लावायची आणि बॅगेत कुठे ठेवायची.

आधी केवढी ते पाहू. दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो, 'घ्यायचीच तर वीस हजारची घे.' हा सल्ला रोज प्रवास करणाऱ्याच्या कामाचा नाही. वीस हजार एमएएचची पॉवरबँक साडेतीनशे-चारशे ग्रॅमची असते, म्हणजे भरलेल्या छोट्या डब्याएवढी. पाच हजारची साधारण सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर असते. दोन पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, छत्री असं सगळं घेऊन दोन तास उभं राहणाऱ्या खांद्याला हा फरक कळतो.

पाच हजार पुरते का? इथे बारावीच्या फिजिक्सएवढा हिशोब करावा लागेल, पण तो एकदाच. पॉवरबँकवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, आणि तो सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. ५००० आणि ३.७ यांचा गुणाकार करून हजाराने भागलं, की १८.५ वॉट-अवर ऊर्जा येते. यूएसबीमधून मात्र साधारणपणे ५ व्होल्ट बाहेर येतात. ३.७ चे ५ व्होल्ट करताना आतलं सर्किट थोडी ऊर्जा खातं आणि ती उष्णता होऊन जाते. म्हणूनच त्याच पॉवरबँकच्या मागे बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, 'रेटेड कपॅसिटी'. पाच हजारच्या पॉवरबँकवर तो तीन हजारच्या आसपास दिसेल. ५ व्होल्टला ३००० एमएएच म्हणजे १५ वॉट-अवर, आणि खरे हातात येणारे तेवढेच. मोबाईलमध्ये शिरताना पुन्हा दहा-पंधरा टक्के गळती होते. उरले साधारण १३. आजच्या बहुतेक फोनची बॅटरी ५००० एमएएचची, म्हणजे सुमारे १९ वॉट-अवरची असते. १९ पैकी १३ म्हणजे जवळपास ६५ ते ७० टक्के. पॉवरबँक दोन वर्षांची जुनी असेल किंवा चार्जिंग चालू असताना तुम्ही रील्स बघत असाल, तर ५० टक्के धरा.

आता दिवस धरू. रात्री लाईट गेली, सकाळी मोबाईल ५५ टक्क्यांवर. कॉलेजात दिवसभर ग्रुपवरचे मेसेज, नोट्सच्या पीडीएफ आणि मैत्रिणीला दिलेला हॉटस्पॉट. संध्याकाळी पाचला बॅटरी १५ टक्के. घरी पोचेपर्यंत निवांत राहायला त्यात चाळीस टक्के भर पुरे. म्हणजे वाईटातल्या वाईट दिवशीसुद्धा पाच हजारची छोटी पॉवरबँक पुरते. वीस हजारची घेऊन आपण इतर तीन दिवसांचं चार्जिंग रोज उगाच पाठीवर वाहतो. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या भाषेत सांगायचं तर 'एक घागर पाण्याला टँकर कशाला बाई?'

वेगाचंही तेच. 'फास्ट चार्जिंग' हा शब्द बॉक्सवर मोठ्या अक्षरात असतो, म्हणून तो आपल्याला गरजेचा वाटतो. साध्या १० वॉटच्या पॉवरबँकमधून मोबाईलच्या बॅटरीत साधारण साडेआठ वॉट पोचतात. चाळीस टक्के म्हणजे साडेसात वॉट-अवर. याला पाऊण ते एक तास लागतो. बेळगाव-निपाणी अंतर पाऊणशे किलोमीटर आणि साध्या बसला दोन तासांच्या आसपास वेळ. एवढा वेळ हातात असताना घाई कशाची? जास्त वेगाने चार्ज केलं की मोबाईल आणि पॉवरबँक दोन्ही जास्त तापतात. घरात टेबलावर ते चालून जाईल. आपली बस म्हणजे टेबल नव्हे.

दुसरा मुद्दा आहे कधी लावायची याचा, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त चूक इथे होते. आपण बॅटरी कमी दिसली की वायर लावतो. त्यापेक्षा जागा मिळाली की लावावी. बसून, पॉवरबँक आणि मोबाईल दोन्ही मांडीवर किंवा हातात दिसत असताना चार्जिंग करावं आणि उठायच्या किंवा गर्दी चढायच्या आधी ते काढावं. उभं असताना लावूच नये.

हे जमतं का? आपल्या रस्त्यावर जमतं, फक्त बस कुठून सुटते ते पाहावं लागतं. सकाळी कोल्हापूरहून येणारी बस निपाणीला भरूनच येते. निपाणी स्टँडवरून सुटणारी गाडी दहा मिनिटं आधी गाठली तर बसायला मिळतं. संध्याकाळी बेळगावच्या मध्यवर्ती स्टँडवरून सुटणाऱ्या गाडीतही तसंच. आता संध्याकाळचीच फेरी घेऊ. स्टँडवर गाडी उभी असताना चार्जिंग लावायचं नाही, कारण ती चढाउताराची, धक्काबुक्कीची वेळ. गाडी काकतीच्या पुढे हायवेला लागली, कंडक्टर तिकिटं काढून गेले, की पॉवरबँक बाहेर काढायची आणि वायर लावायची. पुढे यमकनमर्डी, हत्तरगी. हत्तरगीला थोडे लोक चढतात, पण बसलेल्याला त्रास होत नाही. बेळगावपासून संकेश्वर सुमारे पन्नास किलोमीटर, म्हणजे तास-सव्वा तास. संकेश्वर यायच्या पाच मिनिटं आधी वायर काढून सगळं आत ठेवायचं. संकेश्वरला गर्दी चढते, 'हिंदे होग्री, हिंदे होग्री' सुरू होतं, कुणाची टोपली मांडीवर येते, कुणाचं मूल. तोपर्यंत आपले चाळीस टक्के भरलेले असतात. उरलेल्या पंचवीस-एक किलोमीटरला वायरीची गरजच नाही.

आणि पूर्ण प्रवास उभ्याने झाला तर? ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळतो. मीही त्याच शून्य तिकिटावर येते-जाते आणि ती योजना मला मनापासून हवी आहे. पण गाड्या भरलेल्या असतात हेही खरं, त्यामुळे जागा न मिळण्याचे दिवस येणारच. त्या दिवशी मोबाईलचं बॅटरी सेव्हर चालू करायचं, मोबाईल डेटा बंद करून फक्त फोन आणि एसएमएस ठेवायचे. डेटा बंद असला तर १५ टक्क्यांवर साधा मोबाईल दोन तास सहज निघतो. पाढे म्हणा, कविता पाठ करा, खिडकीबाहेरचा ऊस बघा, पण वायर काढू नका.

उभं असताना वायरीला माझा एवढा विरोध का? पहिलं कारण यांत्रिक आहे. मीटरभर लांबीची वायर पाठीमागून पुढे येते तेव्हा तिचा फास होतो. शेजारच्या आजींच्या बांगडीत, कुणाच्या पिशवीच्या बंदात, दांड्याला धरलेल्या हातात ती अडकते. ओढ बसली की भार सगळा मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेवर येतो. ती खाच आत एका छोट्या पट्टीला डाग देऊन जोडलेली असते. रोज थोडं-थोडं ओढलं गेलं की ती सैल होते, मग 'वायर जरा वाकडी धरली तरच चार्ज होतं' ही अवस्था येते. बसलेल्याने वीत-दीड वीत लांबीची, एल आकाराच्या पिनची वायर वापरली तर हे टळतं. छोट्या वायरीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्यामुळे पॉवरबँक आणि मोबाईल दोन्ही हातातच ठेवावे लागतात. ती बॅगेत ढकलून विसरता येत नाही.

दुसरं कारण उष्णता. चार्जिंग चालू असताना पॉवरबँक कोमट होते, ते ठीक. पण बंद चेनच्या आत, स्वेटर आणि वह्यांच्या मध्ये ती उष्णता बाहेर जाऊच शकत नाही. लिथियमचे सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नयेत हा सर्वसाधारण नियम आहे, म्हणूनच फार तापलेला मोबाईल स्वतःहून चार्जिंग थांबवतो किंवा हळू करतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या बाजूच्या खिडकीशी ठेवलेली बॅग किंवा ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनच्या बॉनेटवर टाकलेली बॅग आधीच तापलेली असते. जागा नसली की आपण सगळे त्या बॉनेटवर बॅगांचा ढीग रचतो. पुस्तकांच्या बॅगा खुशाल रचाव्यात, पण पॉवरबँक असलेली बॅग तिथे नको.

तिसरं कारण दाब, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लिथियमच्या सेलमध्ये दोन धातूंच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्यावरचे लेप असतात. त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ. हा पडदा दोन्ही बाजूंना एकमेकांना लागू देत नाही. तो कुठे फाटला किंवा दबला, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने पडदा आणखी वितळतो आणि पुढे धूर. २०१६ साली सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन परत मागवला गेला, तेव्हा पुढे जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या तपासात एका पुरवठादाराच्या बॅटरीबद्दल कारण निघालं ते असं, की बॅटरीच्या वरच्या कोपऱ्यात जागा कमी असल्याने आतली पट्टी वाकत होती. एवढ्या मोठ्या कंपनीच्या फोनमध्ये एका कोपऱ्याचा दाब पुरला. मग बॅगेच्या तळाला, वर स्टीलची भरलेली बाटली, आणि बाहेरून माणसांची भिंत, अशा ठिकाणी रोज चार तास राहणाऱ्या चपट्या पॉवरबँकेचं काय, हा प्रश्न विचारायलाच हवा.

म्हणून बॅगेत तिची जागा ठरलेली असावी. तळाला नको, कारण वजन तिथे येतं आणि बॅग खाली टेकवली की आपटतेही तीच. बाहेरच्या पुढच्या खिशात नको, कारण गर्दीचा दाब थेट तिथे येतो. पाठीकडच्या बाजूला, वह्यांच्या आणि बॅगेच्या गादीच्या मधल्या कप्प्यात, वरच्या अर्ध्या भागात, एखाद्या कापडी पाऊचमध्ये ठेवावी. नुसती ठेवलेली असताना कापडात गुंडाळली तर चालते, चार्जिंग चालू असताना मात्र ती उघडीच हवी, हे दोन वेगळे नियम आहेत. डबा आणि बाटली दुसऱ्या कप्प्यात. आमटी सांडलेली बॅग धुता येते, आमटी प्यायलेली पॉवरबँक मात्र पुन्हा वापरू नये. ओली छत्री तर तिच्या कप्प्यात कधीच नको. किल्ल्या, सुटे पैसे, स्टेपलरच्या पिनाही तिच्याबरोबर नकोत, कारण पिनेचा तुकडा खाचेत जाऊन बसतो. नवी घेताना मी चपट्या पाटीऐवजी नळकांड्यासारखी घ्या म्हणेन. त्यात सहसा पोलादी डबीतला गोल सेल असतो आणि तो बाजूचा दाब मऊ पाकिटातल्या सेलपेक्षा बरा सोसतो.

वरच्या रॅकवरही ती नको. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आतली १७६ माणसं बाहेर काढली गेली म्हणून प्राण वाचले. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि त्या मार्चमध्ये तिथल्या तपासात पॉवरबँकेच्या आतलं इन्सुलेशन बिघडल्याची शक्यता पुढे आली. त्यानंतर तिथे नियमच झाला, की पॉवरबँक वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, प्रवाशाने स्वतःजवळ ठेवायची. त्यामागचा विचार साधा आहे. दिसत असेल तर पहिल्या धुरालाच कळतं. बंद कप्प्यात असेल तर आग मोठी झाल्यावर कळतं. विमानाला हे लागू असेल, तर साठ-सत्तर माणसं कोंबलेल्या बसला का नसावं?

बिघडत चाललेली पॉवरबँक आधी खुणा देते, त्या ओळखता यायला हव्यात. टेबलावर ठेवून बोटाने दाबून बघा. ती डुलत असेल, पूर्वी डुलत नसे, तर आतला सेल फुगलाय. दोन भागांची शिवण एखाद्या बाजूला उघडलेली दिसते, तेही त्याचंच लक्षण. काही लावलेलं नसताना ती गरम लागणं, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येणं, किंवा रात्री पूर्ण भरलेली सकाळी अर्धी दिसणं, यातलं काहीही झालं तर ती त्या दिवसापासून बंद. टोचून हवा काढायची नाही, परत चार्ज करून बघायचं नाही, कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर तिथेच पेटू शकते. कोरड्या वाळूत किंवा मातीच्या भांड्यात, घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा विक्रेत्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

बसमध्येच धूर निघाला तर? ओरडून ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा, बॅग पाठीवरून उतरवून दाराबाहेर, लोकांपासून दूर टाका. पुस्तकांचा मोह नको. मग बाटलीतलं पाणी ओता, भरपूर. मोबाईल-पॉवरबँकेच्या बॅटरीवर पाणी चालतं, कारण आग विझवण्याइतकंच सेल थंड करणं महत्त्वाचं असतं. एक विझला तरी शेजारचा सेल तापून पुन्हा पेटू शकतो. धुरात तोंड घालू नका, तो विषारी असतो.

विकत घेतानाची एक खूणही लक्षात ठेवा. भारतात पॉवरबँकेला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मागच्या बाजूला चिन्हाबरोबर 'आर' अक्षर आणि आठ आकडी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकून बघता येतो. नाव आणि उत्पादन जुळलं नाही, तर बाजारात ती दीडशे रुपयांना मिळत असली तरी सोडा. आणि रेटेड कपॅसिटीचा आकडाच नसेल तरी सोडा.

आता चोरीबद्दल, कारण बॅगेची सुरक्षितता म्हणजे नुसती आगीपासूनची नाही. चोराच्या दृष्टीने बाहेर आलेली वायर म्हणजे पाटीच आहे. ती कुठून निघते आणि कुठे जाते ते बघितलं की कुठल्या चेनमध्ये हात घालायचा ते कळतं. चार्जिंगला लावून मोबाईलसुद्धा आत सोडला असेल तर दोन्ही वस्तू एकाच ओढीत जातात. बहुतेक हातसफाई चढताना दाराशी होते, कारण तेव्हा आपले दोन्ही हात दांड्यावर आणि लक्ष पायरीवर असतं. म्हणून चढायच्या आधीच बॅग पाठीवरून काढून पोटाशी घ्यायची, चेनचे दोन्ही सरकते एका बाजूला, आपल्या अंगाकडे आणायचे. मोबाईल आणि पॉवरबँक वेगवेगळ्या कप्प्यांत.

मुलींसाठी माझं एक वेगळं म्हणणं आहे. मुलांच्या जीन्सला चार खिसे आणि आपल्या कुर्तीला एकही नाही, म्हणून आपला मोबाईल कायम बॅगेत आणि बॅग कायम दुसऱ्याच्या हाताजवळ. कुर्ती शिवायला टाकताना टेलरमामांना सांगून आतल्या बाजूला, कमरेच्या वर, चेन असलेला एक खिसा शिवून घ्या. मोबाईल मावेल एवढी खोली आणि वर चार बोटं जास्त. आमच्या निपाणीच्या टेलरमामांनी आधी विचारलं, 'कुर्तीला खिसा? कसला खिसा बाळ?' आता स्वतःच विचारतात, 'खिसा धरू का?' चढताना मोबाईल त्या खिशात आणि पॉवरबँक बॅगेत, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहतं.

तरीही मोबाईल गेला तर आपल्या भागात एक खास अडचण येते. कोल्हापूर-बेळगाव गाडीत तो कागलला गेला की निपाणीला, कुणाला माहीत? एका बाजूला महाराष्ट्राचे पोलीस, दुसऱ्या बाजूला कर्नाटकचे. 'हे आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर सीमाभागातल्या माणसाला नवं नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडला असला तरी, कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, आणि चोरी हा सहसा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे जिथे उतरलात तिथल्या ठाण्यात जा, कलमाचा आकडा नम्रपणे सांगा. तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की ceir.gov.in या सरकारी पोर्टलवर मोबाईल देशभर बंद करता येतो. तिथे मोबाईलचा आयएमईआय नंबर लागतो, पंधरा आकडी. तो मोबाईल हातात असतानाच मिळवता येतो. डायलवर हे टाका:

```
*#06#
```

दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर दिसतील. स्क्रीनशॉट काढून उपयोग नाही, तो मोबाईलबरोबरच जाईल. घरातल्या डायरीत आणि वहीच्या शेवटच्या पानावर पेनाने लिहून ठेवा, आणि ती वही त्या दिवशी बॅगेत नसेल तर उत्तमच.